नाव पटावर होतं ना? मग खंड कसला!

कंधारहून आम्ही बचत गटाच्या समन्वयक ताया बोलतो आहोत. हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता, शेंगा निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. फक्त घरात नोकरीच्या शोधात असलेली लेक किंवा सून असेल, तर तिला हाक मारून जवळ बसवा. आजचं बोलणं तिच्या कामाचं आहे.

गेल्या महिन्यात गटाची बैठक उरकली, वह्या बांधून झाल्या आणि आमच्या गटातल्या एका मावशीची सून मागं थांबली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद होता. म्हणाली, "ताई, हा बायोडाटा एकदा बघता का? उद्या द्यायचाय." तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला हिशेब लिहिणारी बाई हवी होती. अट होती पदवीची आणि पाच वर्षं हिशेबाच्या कामाच्या अनुभवाची. सून बी.कॉम. झालेली, एमएससीआयटी केलेली. लग्नाआधीपासून नांदेडच्या एका पतसंस्थेत लिपिक होती, लग्नानंतरही काही वर्षं लोह्याच्या एस.टी.नं ये-जा करून तिनं ती नोकरी टिकवली होती.

कागद उघडला तर 'अनुभव' या मथळ्याखाली तिनं लिहिलं होतं ते असं:

"जून २०१६ ते जुलै २०१८ पतसंस्थेत लिपिक. नंतर मुलगी झाल्यामुळे सहा महिने घरी. जानेवारी २०१९ ते ऑक्टोबर २०२१ पुन्हा त्याच ठिकाणी. नंतर दुसऱ्या वेळी सिझेरियन झाल्यामुळे, बाळाचे वजन कमी असल्यामुळे, तसेच सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे नाइलाजाने नोकरी सोडावी लागली. त्यामुळे अनुभवात खंड पडला आहे, तरी कृपया समजून घेऊन संधी द्यावी ही नम्र विनंती."

मैत्रिणींनो, यात खोटं एक अक्षर नाही. तरीही या सात-आठ ओळींनी तिचं नुकसान केलं होतं आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही बोटावर हिशेब मांडला. पहिला तुकडा जून २०१६ ते जुलै २०१८, म्हणजे दोन वर्षं दोन महिने. दुसरा तुकडा जानेवारी २०१९ च्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबर २०२१ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं नऊ महिने. दोन्ही मिळून चार वर्षं अकरा महिने. अट पाच वर्षांची. म्हणजे तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला एका महिन्यानं बाद करून घेतलं होतं!

मग आम्ही तिला विचारलं, "मुलगी झाली तेव्हा तू राजीनामा दिला होतास का?" म्हणाली, "नाही, रजा होती. पगार चालू होता." "मग तुझं नाव हजेरीपटावर होतं का?" "होतं की."

सगळी गोष्ट इथंच आहे. लेकरासाठी घरी राहिलो त्या दिवसांत आपलं नाव कामाच्या ठिकाणच्या पटावर होतं की नव्हतं, एवढा एकच प्रश्न आधी स्वतःला विचारायचा. नाव पटावर असेल तर तो खंड नाही, ती नोकरीच आहे. नाव पटावरून निघालं असेल तर तो खंड आहे. या दोन्ही गोष्टी लिहायची रीत वेगळी आहे, आणि आपल्या बायका दोन्हींची गल्लत करतात.

आधी रजेचं बघू. बाळंतपणाची पगारी रजा हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ही रजा १२ आठवड्यांची होती. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन लेकरांसाठी ती २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. अट एवढीच की त्या ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं कामाला असावीत आणि बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत आपण तिथं निदान ८० दिवस काम केलेलं असावं. या रजेत असताना बाईला कामावरून काढता येत नाही, म्हणजे तिची नोकरी चालूच असते.

ही रजा काही कुणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहून बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात साऱ्या देशाचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. आपलं कंधार तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, म्हणून तो इकडं लागू नव्हता. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला तो आलाच नाही. आता जे आपल्या वाट्याला आलंय, ते माफी मागत कशाला लिहायचं?

सुनेची रजा होती १ ऑगस्ट २०१८ ते २९ जानेवारी २०१९. मोजून १८२ दिवस, म्हणजे बरोबर २६ आठवडे. आम्ही तिला पतसंस्थेचं अनुभव प्रमाणपत्र आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, १ जून २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२१, लिपिक. मधल्या रजेचा उल्लेखसुद्धा नाही. संस्थेनं तिची नोकरी तोडून दाखवली नव्हती, हिनंच तोडून दाखवली होती! प्रमाणपत्राप्रमाणं तिचा अनुभव होतो पाच वर्षं पाच महिने. अट पुरी होऊन वर पाच महिने उरतात.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. पगारी बाळंतपणाची रजा अनुभवाच्या रकान्यात लिहायचीच नाही. रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख, बस. गर्भपात झाला तर कायद्यानं सहा आठवड्यांची रजा आहे, तीही अशीच. ते दुःख ज्याचं त्याच्यापाशी, त्यातलं काहीही बायोडाटावर यायचं कारण नाही.

काही जणी विचारतील, पीएफच्या पासबुकात रजेतल्या महिन्यांत रक्कम कमी किंवा शून्य दिसली तर? दिसू द्या. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कुठली आहे ते बघा. रजेच्या काळातली तशी तारीख नसेल तर नोकरी चालू होती. कुणी विचारलंच तर "तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते" एवढं तोंडी सांगितलं की पुरे.

बिनपगारी रजेचं थोडं वेगळं आहे. समजा एखादीनं बी.एड. करायला किंवा आजारी लेकरासाठी वर्षभर बिनपगारी रजा घेतली, आणि शाळेनं ती लेखी मंजूर केली. तिचं नाव पटावरच आहे, म्हणून नोकरीच्या तारखा तोडायच्या नाहीत. पण जाहिरातीत 'प्रत्यक्ष कामाचा अनुभव' मागितला असेल तर त्याच ओळीच्या शेवटी "यापैकी एक वर्ष मंजूर अभ्यास रजा" असं लिहायचं आणि एकूण अनुभवातून ते वर्ष वजा करायचं. मंजुरीचा कागद जपून ठेवायचा. तोंडी मंजुरीला पुढं कुणी ओळखत नाही.

आता खऱ्या खंडाचं बघू. दुसऱ्या लेकराच्या वेळी सुनेनं राजीनामा दिला होता. दुसऱ्या बाळंतपणालाही २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली असती, पण कुणी सांगितलं नाही आणि तिनं मागितली नाही. हे ऐकणाऱ्या मुलींनो, राजीनाम्याचा अर्ज लिहिण्याआधी रजेचा अर्ज लिहा. रजा संपल्यावर घरीच राहायचं ठरलं तर राजीनामा तेव्हाही देता येतो.

असो. तिचं नाव ३१ ऑक्टोबर २०२१ ला पटावरून निघालं. पुढं काय, असं आम्ही विचारलं तर म्हणाली, "काही नाही ताई, घरीच होते." आम्हाला हसू आलं. कारण एप्रिल २०२३ पासून आमच्या ग्रामसंघाची रोकडवही, खतावणी आणि इतिवृत्त हीच तर लिहीत होती! बारा गटांची बचत, कर्जाचे हप्ते, बँकेचा भरणा, सगळं तिच्या हातून जातं. महिन्याला थोडं मानधनही मिळतं. पण पगार नाही, ऑफिस नाही, म्हणून ते काम तिच्या हिशेबी कामच नव्हतं. ज्या नोकरीत हिशेब लिहायचा आहे, त्या नोकरीच्या अर्जात हिशेबाचं चालू काम लिहायचं राहून गेलं होतं. आणि सासूबाईंचा गुडघा मात्र लिहिला होता.

म्हणजे खरा खंड उरला नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२३, सतरा महिन्यांचा. तो कसा लिहायचा? एका ओळीत. कधीपासून कधीपर्यंत आणि कशासाठी. सिझेरियन, वजन, ऑपरेशन, घरातल्या अडचणी यातलं काही नाही. 'नाइलाजाने' नाही, 'कृपया समजून घ्यावे' नाही. आमच्यासमोर बसून तिनं नवा कागद लिहिला, अलीकडचं काम वर आणि जुनं खाली:

"एप्रिल २०२३ ते आजपर्यंत: ग्रामसंघ लिपिका, अर्धवेळ, मानधन तत्त्वावर. बारा गटांची रोकडवही, खतावणी व इतिवृत्त लेखन.

नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२३: बाळाच्या संगोपनासाठी नोकरीतून विराम.

जून २०१६ ते ऑक्टोबर २०२१: लिपिक, पतसंस्था, नांदेड. ठेव व कर्ज खात्यांच्या नोंदी, रोजचा रोख ताळा. अनुभव पाच वर्षे पाच महिने."

बस, एवढंच. पतसंस्थेचं नाव तिनं पूर्ण लिहिलं होतं, आम्ही ते इथं घेत नाही. आधीचा आणि हा कागद शेजारी ठेवून बघा. पहिला वाचताना माणूस तिच्या घरात शिरतो. दुसरा वाचताना तिच्या कामात शिरतो.

कुणी म्हणेल, खंडाची ओळ तरी कशाला? गाळून टाकू. गाळली तर वाचणारा तारखा जुळवतोच, आणि मधले सतरा महिने कुठं गेले असा प्रश्न त्याच्या मनात राहतो. उत्तर मिळालं नाही की माणूस वाईटच कल्पना करतो. पैशांची अफरातफर झाली असेल, काढून टाकलं असेल. हिशेबाच्या नोकरीत तर ही शंका फार महाग पडते. एक ओळ लिहिली की शंका तिथंच मिटते. कारण घरगुती दुखण्याचं किंवा दुःखाचं असेल आणि सांगावंसं वाटत नसेल, तर 'कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम' हे तीन शब्दही खरे आहेत आणि पुरेसे आहेत.

दुसरा मोह याहून वाईट. झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून देणारा पोरगा सुनेला म्हणाला, "ताई, पतसंस्थेची तारीख २०२३ पर्यंत ओढून घ्या, कोण बघतंय?" बघतात, बाई. प्रमाणपत्रावर ३१ ऑक्टोबर २०२१ छापलेलं आहे. पीएफमध्ये सोडल्याची तारीख तीच आहे. पतसंस्थेला एक फोन लावला की उघडं पडतं. खंडामुळं नोकरी हुकली तर एक नोकरी हुकते. खोट्या तारखेमुळं हुकली तर तालुकाभर नाव होतं. आणि खरं सांगायचं तर हिला तारीख ओढायची गरजच नव्हती, पाच वर्षं तिची मुळातच भरत होती.

त्या दुकानातली अजून एक गंमत सांगतो. तिथं बायोडाटाचा जो नमुना संगणकात असतो, तो बऱ्याचदा लग्नाच्या बायोडाटावरून केलेला असतो. उंची, वर्ण, पतीचे नाव, पतीचा व्यवसाय, अपत्ये किती. नोकरीच्या कागदावरून हे सगळं काढायला सांगा. अपत्यांची माहिती फक्त तिथंच द्या, जिथं छापील सरकारी अर्जात किंवा प्रतिज्ञापत्रात तसा रकानाच असतो. तिथं मात्र खरी आणि पूर्ण द्यायची.

ग्रामसंघाच्या कामाला पुरावा काय, हा प्रश्न रास्त आहे. आम्ही पुढच्या बैठकीत तसा ठराव घेतला. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीनं पत्र दिलं. कधीपासून काम करते, काय काम करते, आणि ते अर्धवेळ व मानधनावर आहे. 'अर्धवेळ' हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. अर्धवेळ काम पूर्ण वेळ म्हणून दाखवलं तर पत्र देणारा ग्रामसंघही खोटा ठरतो. तुमच्या गटात अशी कुणी लिहिती बाई असेल, तर तिला मागायला लावू नका, तुम्हीच ठराव घेऊन पत्र द्या. मात्र सरकारी भरतीत असं पत्र दर वेळी चालेल असं नाही. जाहिरातीत कुणाचं प्रमाणपत्र लागेल ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

आणि जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, अशा छोट्या दवाखान्यात किंवा दुकानात काम केलेल्या लेकी-सुनांना हा कायदा लागू होत नाही. बाळंतपणाला घरी बसावं लागलं आणि नंतर पुन्हा बोलावलं, असं बहुतेकींचं होतं. त्यांनी काय लिहायचं? जे प्रमाणपत्रावर आहे तेच. मालकानं दोन तुकड्यांत लिहून दिलं तर दोन तुकडे लिहायचे आणि मधे विरामाची एक ओळ. अन्याय झाला असेल तर त्याची तक्रार कामगार कार्यालयात करायची, बायोडाटावर नाही. बायोडाटा वाचणारा त्या भांडणात काही करू शकत नाही, त्याला फक्त भांडण दिसतं.

आता मुलाखतीचं. सुनेला आम्ही दोन वाक्यं पाठ नव्हे, पण तयार करून दिली. "बाळ लहान होतं म्हणून सतरा महिने मी नोकरी केली नाही. त्यानंतर ग्रामसंघाचे हिशेब घेतले, ते आजही लिहिते." एवढं बोलून थांबायचं. थांबणंच अवघड असतं. समोरचा गप्प राहिला की आपल्याला वाटतं अजून काही सांगायला हवं, आणि मग गुडघा निघतो, वजन निघतं. गप्प राहू द्या त्याला. आणि "आता लेकरांना कोण बघणार?" असं विचारलं तर चिडायचं नाही आणि घरची व्यवस्थाही मांडायची नाही. "कामाची वेळ दहा ते सहा आहे ना? मला जमते," असं म्हणायचं. प्रश्न कामाचा आहे, उत्तरही कामाचंच.

घरच्या मंडळींनो, मुलाच्या बाबतीतही हेच लागू आहे. आईच्या आजारपणात मुलानं वर्षभर काम सोडलं असेल तर त्यानंही हीच एक ओळ लिहावी. 'स्वतःचा व्यवसाय' असं खोटं लिहू नये.

सुनेचं पुढं काय झालं? अर्ज छाननीत टिकला, बोलावणं आलं. खंडाबद्दल एकच प्रश्न विचारला, तिनं दोन वाक्यांत उत्तर दिलं, आणि मग बराच वेळ रोकडवही आणि खतावणीवरच बोलणं झालं. निवड मात्र दुसऱ्या मुलीची झाली. तिला टॅली चांगलं येत होतं, हिला येत नव्हतं. सून परत आली ती रडत नाही आली. म्हणाली, "ताई, यावेळी लेकरामुळं नाही राहिलं, टॅलीमुळं राहिलं. ते शिकता येतं." आता ती तालुक्याला टॅलीच्या क्लासला जाते. तिची सासू, म्हणजे आमची गटातली मावशी, दोन तास नातवंडं सांभाळते. गुडघ्याची कुरकुर चालूच असते, पण ती कागदावर नाही.

या आठवड्यात तुमच्या गटात बैठक झाली की एक काम करा. घरातल्या लेकी-सुनांचे बायोडाटे मागवा. प्रत्येकीच्या अनुभव प्रमाणपत्रावरच्या तारखा आणि बायोडाटावरच्या तारखा शेजारी ठेवून ताळा घ्या, जसा आपण रोकडीचा घेतो. जिथं जुळत नाही तिथं थांबा आणि विचारा, "बाई, तेव्हा तुझं नाव पटावर होतं का?"

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. राम राम.